पॅन दिलेला आहे, पण कोणत्या कस्टमर आयडीला?

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे, बडोद्यात मांजलपूरला राहते. बाबा गेल्यावर त्यांच्या ठेवींचे २५ लाख मार्च २०२५ मध्ये तिच्या नावावर नव्या एफडीत ठेवले. व्याजदर ७.२ टक्के, व्याज दर तिमाहीला खात्यात. ४५,००० यायला हवेत, तिन्ही वेळा ३६,००० च आले. पॅन दिलेला आहे, एप्रिलमध्ये कर कापू नये म्हणून १५एचही भरून दिला होता. आता जानेवारीत बँक म्हणते, पॅन लागलेला नाही. पॅनवर तिचं नाव सुनीता वसंत जोशी आहे, नव्या पासबुकात जोशी सुनीताबेन वसंतराव. तिला फॅमिली पेन्शन महिना २०,००० मिळतं आणि त्याच बँकेत तिची ८ लाखांची जुनी एफडी आहे, ७ टक्क्यांची. कापलेले पैसे परत मिळतील का?

उत्तर:

मिळतील, पण आज मिळणार नाहीत आणि आपोआप तर नाहीच मिळणार. आधी बँकेकडून दोन कामं करून घ्यावी लागतील, मगच आयकर विवरणपत्र भरून परतावा मागता येईल. तो क्रम उलटा केला की वर्षभर हेलपाटे होतात. बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये ही भानगड मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या आकड्यांपासूनच करू. ४५,००० मधून ९,००० गेले, म्हणजे नेमके २० टक्के. कुठल्याही ठेवीच्या बाबतीत पहिली तपासणी हीच करायची. कापलेल्या रकमेला व्याजाने भागा. उत्तर १० टक्के आलं तर तो नेहमीचा टीडीएस. २० टक्के आलं तर बँकेच्या लेखी तुमचा पॅन नाही, किंवा आहे पण चालत नाही. मधला दर नसतो, त्यामुळे हा निदानाचा सोपा मार्ग आहे. आणि कापणी फक्त मर्यादेच्या वरच्या रकमेपुरती होत नाही. ज्येष्ठ नागरिकाचं त्या बँकेतलं वर्षाचं ठेवींवरचं व्याज २०२५-२६ मध्ये १ लाखाच्या पुढे गेलं (बाकीच्यांसाठी हा आकडा ५०,०००) की कापणी सगळ्या व्याजावर होते. तुमच्या आईंचं या एकाच एफडीचं व्याज वर्षाला १,८०,००० आहे, म्हणून पहिल्या तिमाहीपासूनच कात्री लागली.

आता, पॅन दिलेला असताना तो लागलेला नाही म्हणजे काय?

आपण म्हणतो "बँकेला पॅन दिला". पण बँकेचं संगणक खातं माणसाला ओळखत नाही, कस्टमर आयडीला ओळखतं. काही शाखांत त्याला सीआयएफ म्हणतात. एका कस्टमर आयडीखाली बचत खातं, एफडी, लॉकर असं सगळं बांधलेलं असतं, आणि पॅन त्या आयडीला जोडलेला असतो, एफडीच्या पावतीला नाही. म्हणून एकाच माणसाचे त्याच बँकेत दोन आयडी असले, तर एकाला पॅन आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं अगदी सहज होतं. घरातला माणूस गेल्यावर वारसाच्या नावाने ठेव करताना बहुधा हेच घडतं. काउंटरवरचा माणूस मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, फोटो, आधार घेतो आणि नवा ग्राहक समजून नवा आयडी उघडतो. आईंची ८ लाखांची जुनी एफडी जुन्या आयडीवर राहिली, २५ लाखांची नव्यावर गेली. एप्रिलमध्ये तुम्ही दिलेला १५एच पॅनप्रमाणे जुन्या आयडीला चिकटला असणार. म्हणजे ज्या एफडीसाठी तो हवा होता तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

हे खरं की नाही ते पाहायला पासबुकं शेजारी ठेवा. जुन्या आणि नव्या पासबुकावरचा कस्टमर आयडी वेगळा असेल तर अर्धं निदान झालं.

राहिलेलं अर्धं नावात आहे. तुमच्या प्रश्नातली दोन नावं वाचताच मला ते दिसलं.

बँक पॅनचा आकडा नुसता टंकून घेत नाही. तो आयकर खात्याच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो, आणि त्यात पॅन, नाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळावी लागतात. पॅनच्या नोंदीत आईंचं नाव सुनीता, मधलं नाव वसंत, आडनाव जोशी असं तीन खान्यांत आहे. गुजरातेत कागदावर आडनाव आधी लिहायची रीत आहे. ती इथल्या लोकांना इतकी सवयीची, की अर्जावर "जोशी सुनीताबेन वसंतराव" असं आलं तर टंकणारा पहिल्या नावाच्या खान्यात जोशी घालतो आणि आडनावाच्या खान्यात वसंतराव. त्यात बेन आणि राव हे आदराचे शब्द नावालाच जोडले गेले. माणसाच्या डोळ्याला ही एकच बाई आहे, संगणकाला तीनही खाने वेगळे दिसतात. उत्तर "जुळत नाही" असं येतं, पॅन नोंदवला जात नाही, आणि शाखेतून तुम्हाला कोणी फोन करत नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हेच झालं होतं. तिच्या नावापुढे बेन लावून एका बँकेने खातं उघडलं, आणि दोन वर्षं तिच्या व्याजातून दुप्पट कापणी होत राहिली. मी स्वतः या धंद्यात असून पहिल्या वर्षी मला ते कळलं नाही, कारण ती विचारत होती "कर जास्त का?" आणि मी तिचं उत्पन्न तपासत बसलो होतो. तिचं पासबुक उघडून नाव वाचलं असतं तर पाच मिनिटांत उलगडलं असतं. त्या दिवसापासून मी आधी नाव वाचतो, मग आकडे.

आडनावाच्या स्पेलिंगमध्येही बडोद्याची खास अडचण आहे. गायकवाड हे आडनाव इथे GAEKWAD असं लिहितात, महाराष्ट्रातून आलेल्या कागदावर GAIKWAD असतं. एकाच घरात भावाभावांत दोन्ही सापडतात. आणि आपल्या आईच्या पिढीत जन्मतारखेचा गोंधळ फार. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, पॅन काढताना खरी तारीख दिली, आधारवर तिसरीच. नाव जुळलं आणि तारीख चुकली, तरी निकाल "जुळत नाही" असाच.

एक गोष्ट मात्र विसंगती नाही, आणि तिच्यावरून बायकांना उगाच परत पाठवलं जातं. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नाआधी काळे नावाने पॅन काढलेला असेल तर पाचवं अक्षर K, आणि लग्नानंतर आडनाव जोशी झालं तरी पॅनचा आकडा तोच राहतो, K सकट. नोंदीतलं नाव दुरुस्त केलेलं असलं की बास. त्यापायी कोणी "नवा पॅन काढा" म्हणालं तर मुळीच काढू नका. एका व्यक्तीने दोन पॅन बाळगले तर १०,००० रुपयांचा दंड होऊ शकतो, आणि ठेवींचा हिशेब दोन जागी फुटतो तो वेगळाच.

बँकेत जाण्याआधी घरी दोन गोष्टी करा. आयकर खात्याच्या incometax.gov.in या पोर्टलवर लॉगिन न करता Verify PAN Status ही सोय आहे. पॅन, नाव, जन्मतारीख आणि मोबाइल घातला की नोंद जुळते की नाही ते कळतं. आधी पॅन कार्डावरचं नाव घालून पाहा, मग पासबुकावरचं. पहिलं जुळलं आणि दुसरं नाही जुळलं, तर दोष बँकेच्या नोंदीत आहे आणि दुरुस्ती तिथेच करायची. दोन्ही जुळली नाहीत तर पॅनच्या नोंदीत चूक आहे. मग आधी पॅनची दुरुस्ती, बँक नंतर.

दुसरं, तिथेच Link Aadhaar Status बघा. पॅन आधारला जोडलेला नसेल तर तो १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरला जातो, आणि निष्क्रिय पॅनवरही व्याजातून २० टक्केच कापतात. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना यातून सूट आहे. आई ६८ च्या आहेत, त्यांना नाही. जोडणी राहिली असेल तर e-Pay Tax मधून १,००० रुपये शुल्क भरून जोडावं लागतं, आणि पॅन सक्रिय व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. आधारवर सुनीताबेन आणि पॅनवर सुनीता असेल तर ही जोडणीही त्याच नावापाशी अडते. अशा वेळी आधी आधारवरचं किंवा पॅनवरचं नाव सारखं करून घ्यावं लागतं.

या दोन दोषांमधला फरक नीट समजून घ्या, कारण तुमचे पैसे कुठे आहेत ते त्यावर ठरतं. पॅन निष्क्रिय असेल तर कापलेला कर तरीही आईंच्या पॅनखालीच जमा होतो, पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. फक्त पॅन सक्रिय होईपर्यंत परतावा अडतो. पॅन बँकेत लागलेलाच नसेल तर मामला वाईट आहे. बँक दर तिमाहीला कराचं विवरण भरते, २६क्यू नावाचं. त्यात पॅनच्या जागी तिला काहीतरी लिहावंच लागतं, आणि पॅन नसेल तर तिथे PANNOTAVBL असं लिहिलं जातं. कर सरकारकडे पोचतो, पण कुणाच्या नावाचा हे सरकारला कळत नाही. मग आईंच्या २६एएसमध्ये ती रक्कम येत नाही, आणि कर कापल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ए सुद्धा निघत नाही, कारण तो वैध पॅनवरच निघतो.

ओळखायची खूण: बँकेच्या व्याजाच्या दाखल्यात टीडीएस २७,००० दिसतो आणि २६एएसमध्ये त्या एफडीचा टीडीएस शून्य. शाखेत गेल्यावर १६ए मागा. "सिस्टीममधून निघत नाही" असं उत्तर आलं की प्रकार हाच.

तिसराही एक प्रकार इथे संभवतो, तो वगळू नका. बाबांच्या नावाच्या ठेवीत आई दुसऱ्या धारक होत्या का? संयुक्त ठेवीत बँक पहिल्या धारकाचा पॅन धरते. ते गेल्यावर नाव बदललं पण पॅन त्यांचाच राहिला, तर कर दिवंगताच्या २६एएसमध्ये जात राहतो. दर तेव्हा १० टक्केच दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे कापणी २० टक्के आहे, तेव्हा या एफडीला हे लागू नाही. पण बाबांच्या नावाची आणखी एखादी ठेव तशीच चालू असेल तर तीही तपासा.

आता शाखेत. तोंडी सांगून उपयोग नाही, अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. सोबत पॅन आणि आधारची स्वाक्षांकित प्रत जोडा. अर्जात पाच मागण्या असू द्या: दोन्ही कस्टमर आयडी एकत्र करणे, नाव पॅन कार्डाप्रमाणे करणे, पॅन नोंदवून तो ताडून पाहिल्याचं कळवणे, १५एच या एफडीला लागू करणे, आणि आधी भरलेल्या तिमाही विवरणांत पॅन घालून दुरुस्ती विवरण भरणे. शेवटची मागणी लिहायला लोक विसरतात, आणि सगळे पैसे तिच्यातच अडकलेले असतात. शाखेतला माणूस "पॅन अपडेट झाला, आता काळजी नाही" म्हणतो. ते पुढच्या व्याजापुरतं खरं असतं. मागचे २७,००० त्याने हलत नाहीत.

तारखा पाहा. पहिल्या तिमाहीचं विवरण भरायची मुदत ३१ जुलै, दुसऱ्या तिमाहीची ३१ ऑक्टोबर. ती दोन्ही भरून झाली असणार, म्हणून तिथे दुरुस्ती विवरणच लागेल. तिसऱ्या तिमाहीची मुदत ३१ जानेवारी आहे. अर्ज या आठवड्यात गेला आणि बँकेच्या कर विभागापर्यंत वेळेत पोचला, तर डिसेंबरचे ९,००० पहिल्याच फटक्यात आईंच्या पॅनखाली जातील. तिसऱ्या तिमाहीच्या कापणीचे पैसे रोख परत मिळतील अशी आशा मात्र धरू नका. डिसेंबरची कापणी ७ जानेवारीपर्यंत सरकारात भरायची असते. बँकेने एकदा ती भरली की परतावा आयकर खात्याकडूनच.

१५एचचं म्हणाल तर नवा भरून द्या, नव्या आयडीचा उल्लेख करून. वैध पॅन नसेल तर १५एच कायद्याने निरुपयोगी असतो, म्हणून एप्रिलचा कागद या एफडीला लागूच झाला नाही. तो मागच्या कापणीवर परिणाम करू शकत नाही, पण पॅन लागल्यावर नवा १५एच ३१ मार्चच्या व्याजाला लागू होईल आणि पूर्ण ४५,००० जमा होतील. तेवढं झालं की काम बरोबर झाल्याचा पुरावा तुमच्या पासबुकात दिसेल.

१५एच द्यायला आई पात्र आहेत का, हेही हिशेबाने पाहू. नव्या एफडीचं व्याज १,८०,०००, जुन्या ८ लाखांचं ५६,०००. पेन्शनचे वर्षाचे २,४०,०००, त्यातून फॅमिली पेन्शनची २५,००० वजावट गेली की २,१५,०००. एकूण ४,५१,०००. नव्या करपद्धतीत पहिले ४ लाख करमुक्त, उरलेल्या ५१,००० वर ५ टक्क्यांनी २,५५०, आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने सवलतीने तेही शून्य. म्हणजे कर काहीच नाही, १५एच योग्यच होता, आणि कापलेला सगळा पैसा आईंचा आहे. तुम्ही काही चूक केलेली नाही, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं, कारण अशा वेळी घरात पहिला संशय कागद भरणाऱ्यावरच येतो.

विवरणपत्र भरण्याची घाई करू नका. २६एएसमध्ये तिन्ही तिमाहींचे मिळून २७,००० दिसायला लागले की मगच भरा. चौथ्या तिमाहीचं बँकेचं विवरण ३१ मेपर्यंत यायचं असतं, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा २६एएस नीट पाहायचं. विवरणपत्राची मुदत ३१ जुलै. रक्कम न दिसताच परतावा मागितला तर संगणक ती नाकारतो, नोटीस येते, आणि मग बँक आणि आयकर खातं यांच्यामध्ये तुमचा पाठशिवणीचा खेळ सुरू होतो. जूनपर्यंत दुरुस्ती झाली नसेल तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाला शिक्क्याची प्रत जोडून लिहा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. दुरुस्ती विवरणाला कायद्याने मुदत असते, म्हणून "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर स्वीकारू नका.

परतावा ज्या खात्यात घ्यायचा ते आयकर पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्यावं लागतं, आणि तिथे पुन्हा खात्यावरचं नाव पॅनशी जुळलं पाहिजे. मांजलपूरच्या पासबुकावर अजून सुनीताबेन वसंतराव असेल तर तेही अडेल. म्हणून परतावा सध्या जुन्या बचत खात्यात मागा, ज्याच्यावर नाव आणि पॅन दोन्ही बरोबर आहेत.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू होतो आहे. कलमांचे आकडे बदलतील, त्यामुळे शाखेत कोणी वेगळा आकडा सांगितला तर गोंधळू नका. पॅन नसला की व्याजावर २० टक्के, हे तसंच राहतं. त्याआधी, म्हणजे मार्चअखेर, कस्टमर आयडी एकच झाला की नाही ते नवीन पासबुक छापून घेऊन बघा, आणि त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर पॅन कार्डाशी मिळवून पाहा.